अण्णा ३१ मेला निवृत्त होताहेत, फोटोखाली काय लिहू?

तेरणाकाठची | १९ मे २०२५, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, येत्या ३१ मेला मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त होताहेत. १७ जून १९९१ ला तलाठी म्हणून लागले. सगळी नोकरी लातूर जिल्ह्यात झाली. त्या दिवशी त्यांचा एक फोटो फेसबुकवर आणि व्हॉट्सॲपला टाकायचाय, आणि त्याखाली चार ओळी लिहायच्यात. तीन रात्री बसून हे लिहिलंय:

"३४ वर्षांची निष्कलंक, प्रामाणिक व निःस्वार्थ शासकीय सेवा. आज एका पर्वाचा अंत. अण्णा, तुम्ही आमचे आधारवड होता. तुमच्या कार्याला त्रिवार वंदन. भावपूर्ण निरोप."

धाकट्या भावाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "ताई, हार कुठं घालायचा ते पण सांग."

राग आला, पण त्याचं बरोबर आहे असंही वाटतंय. फोटो साधारण १९९९-२०००चा आहे. अण्णा ओट्यावर मांडी घालून लिहीत बसलेत, बाजूला लाल फडक्यात बांधलेलं दप्तर आणि मी त्यांच्या पाठीला टेकून झोपलेय. काय बदलू?

---

सांजवात | १९ मे, रात्री १०.०५

भावाला माझ्याकडून एक पेढा. आमच्याकडे हे खरंच घडलंय. बाबा टपाल खात्यातून निवृत्त झाले तेव्हा मी त्यांचा छान कृष्णधवल फोटो टाकला आणि वर लिहिलं, "आज बाबांचा शेवटचा दिवस". दहा मिनिटांत मावशीचा रडत फोन. खाली तोवर सतरा जणांनी हात जोडले होते. बाबा स्वतः शेजारी बसून श्रीखंड खात होते. पुढचे दोन दिवस ते भेटेल त्याला "मी आहे अजून" असं सांगत फिरत होते.

तुझ्या मजकुरातलं "अंत", "होता", "वंदन" आणि "भावपूर्ण" आधी काढ. हे चार शब्द एकत्र आले की मराठी माणूस आपोआप चपला काढतो.

---

जुना कारकून | २० मे, सकाळी ७.१५

मी तहसील कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून सहा वर्षांपूर्वी बाहेर पडलो. निरोपाची भाषणं इतकी ऐकली आणि लिहून दिली आहेत की त्यांची एक नस मला कळते. निवृत्तीचा मजकूर श्रद्धांजलीसारखा होतो त्याचं पहिलं कारण क्रियापद. "आधारवड होता", "सर्वांना समजून घेत", "कधी कोणाचं मन दुखावलं नाही" हे सगळं माणूस नसताना बोलतात. नोकरीबद्दल भूतकाळात लिहा, माणसाबद्दल वर्तमानात. "अण्णा तलाठी होते" चालेल. "अण्णा प्रेमळ होते" चालणार नाही.

दुसरं कारण विशेषणं. निष्कलंक, प्रामाणिक, निःस्वार्थ हे तिन्ही शब्द मी स्वतः कमीत कमी चाळीस जणांच्या मानपत्रात घातले आहेत, आणि त्यातल्या काही जणांबद्दल घालताना मान खाली घालून लिहिलंय. त्यामुळे ऐकणारा ते शब्द ऐकतच नाही.

तुम्ही असं करा. तुमच्या डोळ्यांनी पाहिलेल्या, अण्णांच्या कामाच्या तीन गोष्टी इथे लिहा. ऐकलेल्या नकोत. मग बघू.

---

हिशेबी माणूस | २० मे, सकाळी ८.३०

आधी तारीख तपासा. राज्य सरकारी कर्मचारी ५८ पूर्ण होतात त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. ३१ मे म्हणजे जन्म मे महिन्यातला हवा. तुमच्या प्रोफाइलवर १ जूनला "हॅपी बर्थडे अण्णा" असा गेल्या वर्षीचा फोटो आहे. म्हणजे ३० जून. एक महिना आधीच निरोप देताय.

---

जुना कारकून | २० मे, सकाळी ८.५२

हिशेबी, नियम अर्धा बरोबर सांगितलात. जन्म महिन्याच्या एक तारखेचा असेल तर आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती. म्हणून १ जूनवाला ३१ मेला जातो. आणि आपल्याकडे १ जूनवाले किती आहेत ते ३१ मेला कुठल्याही सरकारी कचेरीत जाऊन बघा, एका दिवशी निम्मी टेबलं रिकामी होतात. शाळेत नाव घालताना मास्तरांनी विचारलं, "कधीचा?" आई म्हणाली, "सुगीच्या वेळचा". मास्तरांनी शाळेला सोयीची तारीख टाकली. ती पुढे सेवापुस्तकात गेली आणि तिच्यावरच पेन्शन.

---

तेरणाकाठची | २० मे, दुपारी १.१०

अगदी हेच! आजी सांगायची, अण्णा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचे. बैलांच्या शिंगांचा रंग अजून ओला होता म्हणे. म्हणजे श्रावणी अमावास्येनंतरचे. १ जून फक्त कागदावर. घरात खरा वाढदिवस कधी झालाच नाही, कारण त्या दिवसांत अण्णा हमखास कुठल्या तरी शिवारात पंचनाम्याला.

तीन गोष्टी संध्याकाळी लिहिते.

---

बॅनरवाला बंड्या | २० मे, दुपारी २.००

ताई, फोटो जुना आहे, दहा बाय आठला फुटेल. चांगल्या फोनवरून नवीन काढा, फेटा घालून, पांढऱ्या भिंतीपुढे. मागे उगवता सूर्य टाकू. "शुभेच्छुक"मध्ये आधी वयाने मोठे, मग जावई, मग मित्रमंडळ. जावयाचं नाव तिसऱ्या ओळीत गेल्यामुळे आमच्याकडे एक बॅनर रात्री अकराला उतरवून परत छापावा लागलाय.

---

तेरणाकाठची | २० मे, दुपारी २.०८

दादा, बॅनर नाही हो. फोटोखालचा मजकूर.

---

बॅनरवाला बंड्या | २० मे, दुपारी २.१५

मग फोटोखाली जागा सोडा.

---

उघड बोलतो | २० मे, दुपारी ३.४०

माफ करा, पण "तलाठी" आणि "निष्कलंक" हे शब्द एका ओळीत मी पहिल्यांदाच वाचले. माझ्या वडिलांनी एका वारस नोंदीसाठी चौदा खेपा घातल्या होत्या.

---

तेरणाकाठची | २० मे, रात्री ९.२०

उघड बोलतो, तुमच्या वडिलांना त्रास झाला असेल, मी त्यावर काय बोलणार. आणि अण्णांच्या चौतीस वर्षांची हमी मी कशी देऊ? कचेरीत मी कधी बसले नाही. घरात जे पाहिलं तेच सांगते.

एक. आमच्या दारात कुणी तरी शेंगांची पिशवी नाहीतर कोवळी कणसं ठेवून जायचं. अण्णा रागवायचे नाहीत, फक्त मला हाक मारायचे. सायकलला पिशवी अडकवून ज्याची त्याला परत नेऊन द्यायची. "अण्णांनी सांगितलंय, घरी भरपूर आहेत" एवढंच बोलायचं. घरी नसायच्या. एकदा मी वाटेत वडाखाली थांबून निम्म्या शेंगा खाल्ल्या आणि उरलेली पिशवी परत केली. त्या काकूंनी काही विचारलं नाही. अण्णांना हे अजून माहीत नाही.

दोन. दप्तराचं लाल फडकं. रोज रात्री जेवण झाल्यावर ते पुन्हा बांधायचे. आधी वह्या कडेला कडा लावून रचायच्या, मग चारी टोकं उचलून एक गाठ. आम्ही त्या गाठीला हात लावला तर मार. ऑनलाइन सातबारा आला, तरी त्यांनी ते फडकं बदलीच्या प्रत्येक गावाला नेलं.

तीन. ही मी पाहिलेली नाही, पण ती सोडून अण्णांबद्दल लिहायचं कसं कळत नाही. ३० सप्टेंबर १९९३. अण्णा तेव्हा औसा तालुक्यात एका सजात होते, नोकरीला सव्वादोन वर्षं झालेली. आदल्या रात्री गणपतीचं विसर्जन होतं आणि पहाटे चारच्या सुमाराला भूकंप. भाड्याच्या खोलीची भिंत बाहेरच्या बाजूला पडली म्हणून ते वाचले. चावडीतली लोखंडी पेटी मातीतून काढली तेव्हा दप्तर आत कोरडं होतं. पुढे कोण गेलं, कोण उरलं, कुणाच्या जागी कुणाचं नाव लागायचं, हे सगळं त्या वह्यांवरून. आजी म्हणायची, तीन महिने पोरगा घरी आला नाही आणि आला तेव्हा जेवताना बोलेना. माझा जन्म १९९६ चा. अण्णांच्या तोंडून मी यातलं एक वाक्यही ऐकलेलं नाही. सगळं आजीकडून.

हे लिहावं का?

---

उघड बोलतो | २० मे, रात्री ९.५५

शेंगांची गोष्ट लिहा. निष्कलंक वगैरे लिहू नका. शेंगांवर मी वाद घालणार नाही.

---

माळरान | २० मे, रात्री ११.३०

मी त्याच भागातला. आमचं गाव पूर्ण उठवून नव्या जागी वसवलं, त्या बावन्न गावांपैकी एक. मी सात वर्षांचा होतो. पत्र्याच्या शेडमध्ये दुसरी-तिसरी झाली माझी. शेडसमोर लिंबाखाली एक तलाठी चटईवर बसायचा, कागदामध्ये कार्बन घालून नावं लिहायचा. लोक नाव सांगायचे, तो लिहायचा. एखादा सांगता सांगता थांबला की तो पेन खाली ठेवून थांबायचा. तुमचे अण्णाच असतील असं नाही, असे बरेच होते.

माझं मत विचाराल तर फेसबुकवर लिहू नका. "अण्णांनी भूकंपात मोठं काम केलं" असं वाक्य आलं की आमच्याकडचा माणूस ते वाचणार, आणि त्याच्या घरातली नावं त्या यादीत आहेत. तुमच्या अभिनंदनाच्या फोटोखाली त्याने काय करायचं, अंगठा दाखवायचा?

---

सांजवात | २१ मे, सकाळी ६.५०

माळरान, तुमचं दुःख कळतं, पण मला पटत नाही. अशी कामं लिहून ठेवली नाहीत म्हणूनच लोकांना तलाठी म्हटलं की फक्त खेपा आठवतात. एका ओळीत, मोठेपणा न करता लिहिता येईल.

---

जुना कारकून | २१ मे, सकाळी ७.२०

यावर मी काही ठरवून देणार नाही. अण्णांना विचारा. तीस वर्षं ज्या गोष्टीवर ते बोलले नाहीत ती तुम्ही परस्पर जाहीर केलीत, तर मजकूर कितीही चांगला असला तरी त्यांच्या जेवणाची चव जाईल.

बाकी सल्ला सांगतो. मजकूर शेंगांनी सुरू करा. फेसबुक काय, इन्स्टाग्राम काय, पहिल्या दोन-तीन ओळींनंतर बाकीचं "आणखी पहा"च्या मागे जातं. तिथे "३४ वर्षांची शासकीय सेवा" असेल तर कुणी दाबत नाही. मुलगी परत न्यायच्या शेंगा खातेय असं असेल तर दाबतो. पद, तारीख हे दुसऱ्या परिच्छेदात, एकाच वाक्यात.

---

कोरी वही | २१ मे, सकाळी ११.००

मला राहवलं नाही. मंडळ अधिकाऱ्याचा निरोप म्हणजे फेरफारच हवा:

"फेरफार क्र. १. मुलीने वर्दी दिली की, दि. ३१/०५/२०२५ रोजी अण्णांच्या सकाळी, संध्याकाळी व सुट्ट्या यांवरील शासनाचा ताबा संपला असून सदर मिळकत आईच्या नावे लावावी. नोंद मंजूर. सही, तलाठी."

---

जुना कारकून | २१ मे, सकाळी ११.४०

फार दिवसांनी हसलो. पण छाननीत नापास. तलाठी नोंद धरतो, मंजूर करत नाही. मंजुरी मंडळ अधिकाऱ्याची. आणि धरल्या धरल्या मंजूर होत नाही, हितसंबंधितांना नोटीस द्यायची, चावडीवर लावायची, हरकतीला पंधरा दिवस सोडायचे. इथे तर मंडळ अधिकारी स्वतःच पक्षकार. आपल्या घरच्या मिळकतीची नोंद आपणच मंजूर केली तर दुसऱ्या दिवशी प्रांतांकडे अपील.

तेव्हा शेवट असा करा: "नोटीस बजावली. मुदतीत हरकत आली नाही. इतर हक्कात नातवंडांचा बोजा कायम. नोंद मंजूर, आई."

नातवंडं आहेत ना?

---

तेरणाकाठची | २१ मे, दुपारी १२.१५

एक आहे, भावाचा, दोन वर्षांचा. बोजा म्हणजे बोजाच, अण्णांच्या पाठीवरून उतरत नाही. 😄

---

निशिगंध पुणे | २१ मे, दुपारी १२.४०

गोड! पण "तुम्ही" कशाला? "अण्णा, तू" लिही ना, जवळचं वाटतं. आमच्याकडे सगळेच बाबांना अरे-तुरे करतात.

---

तेरणाकाठची | २१ मे, दुपारी १२.५५

आमच्याकडे आई तू आणि अण्णा तुम्ही. मी एकदम "तू" लिहिलं तर अण्णा फोन उलटा करून बघतील, दुसऱ्याच कुणाचा तर नाही ना.

---

हिशेबी माणूस | २१ मे, दुपारी २.३०

एक दुरुस्ती. तलाठी हे पदनाम आता नाही. ग्राम महसूल अधिकारी झालंय. शासनाने बदललंय तर तेच लिहायला हवं.

---

जुना कारकून | २१ मे, दुपारी ३.००

पदनाम बदललं हे खरं. पण १९९१ च्या नेमणुकीच्या आदेशात "तलाठी" असेल, आणि माणूस रुजू झाला त्या पदाचं नाव तेव्हाचंच लिहितात. शिवाय गावातली म्हातारी अजून "तलाठीसाहेब" म्हणूनच हाक मारते. पन्नास वर्षांनी बदलली तर बदलेल.

---

विदर्भकन्या | २१ मे, दुपारी ४.१०

विषय निघालाच आहे तर विचारते. माझे सासरे सात महिन्यांपूर्वी निवृत्त झाले, पेन्शनचा अजून पत्ता नाही. कार्यालय म्हणतं सेवापुस्तकात एका वेतननिश्चितीची पडताळणी राहिली. आम्ही तर फोटोही टाकला नाही, तोंडच नव्हतं. काय करावं?

---

जुना कारकून | २१ मे, दुपारी ४.३५

ताई, वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो. तोवर एवढंच: प्रकरण अडकलं असेल तर तात्पुरतं निवृत्तिवेतन मिळू शकतं, त्यासाठी कार्यालयप्रमुखांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी विचारत राहिलात तर आणखी सात महिने जातील.

---

खिडकी क्रमांक तीन | २१ मे, रात्री ८.४५

मी बँकेत पेन्शनच्या खिडकीवर असते. मजकुराबद्दल मला काही कळत नाही, पण फोटोबद्दल सांगते. निवृत्तीचा आदेश, पेन्शनचा कागद, सेवापुस्तकाचं पान, यातलं काहीही फोटोत टाकू नका. "कोपरा तर दिसतोय" असंही नको.

गेल्या वर्षी आमच्या एका खातेदारांच्या पुतण्याने कौतुकाने आदेशाचा फोटो टाकला होता. चौथ्या दिवशी काकांना फोन. पलीकडच्याने पूर्ण नाव, पद, निवृत्तीची तारीख घडाघडा सांगितली आणि म्हणाला, कोषागारातून बोलतोय, हयातीचा दाखला ऑनलाइन भरून घेऊ, मोबाइलवर आलेला आकडा सांगा. इतकी माहिती बरोबर म्हटल्यावर काकांचा विश्वास बसला. नशिबाने काकूंनी फोन ओढून घेतला. निवृत्तीनंतर उपदान, रजेचे पैसे, भविष्य निर्वाह निधी असं सगळं पाठोपाठ खात्यात येतं हे त्या लोकांना पक्कं ठाऊक असतं. तुम्ही तारीख लिहिणारच आहात, ती लिहा. पण तारीख, पद, पूर्ण नाव, जन्मतारीख आणि मोबाइल नंबर हे सगळं एका ठिकाणी नको.

तुमच्या जुन्या फोटोतल्या वहीवर काय लिहिलंय ते पण मोठं करून बघा.

---

तेरणाकाठची | २१ मे, रात्री ९.३०

अरे देवा. मोठं करून पाहिलं. गट नंबर नाही दिसत, पण दोन खातेदारांची नावं स्वच्छ वाचता येतात. अण्णांचं अक्षर तसंच आहे. खालचा भाग कापते. दप्तर राहतंय, मी पण राहतेय.

आणि १ जून सगळ्यांना दिसतोय, तो पण लपवते.

---

सांजवात | २२ मे, सकाळी ९.००

मजकूर टाकणार कधी? ३१ ला शनिवार आहे. पाच दिवसांचा आठवडा, म्हणजे कचेरी बंद. निरोप समारंभ शुक्रवारीच उरकतील.

---

जुना कारकून | २२ मे, सकाळी ९.२५

समारंभ ३० ला होईल, पण आदेशात "दि. ३१ मे रोजी म.नं." असं असतं. म्हणजे शनिवारी दुपारपर्यंत अण्णा शासनाचेच. शुक्रवारी रात्री "निवृत्त झाले" लिहिलंत आणि शनिवारी सकाळी कुठे वीज पडली, तर पंचनाम्याला कोण जाणार? मे अखेर आहे, वळवाचा भरवसा नाही. शनिवारी संध्याकाळी टाका.

---

तेरणाकाठची | २८ मे, रात्री १०.१५

अण्णांना विचारलं. सरळ विचारायचं धाडस झालं नाही, भाकरी वाढताना विचारलं, "त्र्याण्णवचं लिहू का हो थोडं?" त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला, खाल्ला. मग म्हणाले, "ती यादी आहे. फोटोखाली लिहायची नसते."

म्हणजे नाही. सांजवात, तुमचं म्हणणं मला अजूनही निम्मं पटतं, पण नाही.

नवा मजकूर:

"लहानपणी आमच्या दारात कुणी शेंगांची पिशवी ठेवून गेलं, की ती परत नेऊन द्यायचं काम माझं. सायकल माझी, हुकूम अण्णांचा. एकदा वाटेत मी निम्म्या शेंगा खाल्ल्या आणि उरलेल्या परत केल्या. अण्णांना हे आज इथेच कळतंय.

१९९१ साली तलाठी म्हणून रुजू झालेले अण्णा आज मंडळ अधिकारी म्हणून सेवानिवृत्त होत आहेत. त्यांच्यासारखा प्रामाणिक अधिकारी होणे नाही.

अण्णा, तुम्ही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचे, असं आजी सांगायची. दर साली त्या दिवशी तुम्ही कुणाच्या तरी शिवारात. यंदा घरी आहात. पुरणपोळी करतोय.

दप्तराचं लाल फडकं आईने धुऊन वाळत घातलंय. गाठ कशी मारायची ते आता तरी शिकवा."

फेरफारचा मजकूर अण्णांच्या कचेरीच्या गटावर टाकणार. बाहेरच्यांना "बोजा" कळायचा नाही.

---

जुना कारकून | २९ मे, सकाळी ७.०५

"होणे नाही" काढा. तिथे पुन्हा हार आला. शेंगांनी जे सांगितलं तेच तुम्ही परत सांगताय.

बाकी हात लावू नका. एकच शंका: "सायकल माझी, हुकूम अण्णांचा" जरा भाषणासारखं वाटतं. पण तुमच्या तोंडचं असेल तर राहू द्या.

---

तेरणाकाठची | २९ मे, सकाळी ७.३०

काढलं. सायकलची ओळ ठेवते, भावाला ती आवडली आणि त्याला काही आवडणं दुर्मीळ आहे.

---

माळरान | २९ मे, रात्री १०.४०

चांगलं झालंय. अण्णांना माझा नमस्कार सांगा. कोण म्हणून विचारलं तर काही सांगू नका.

---

तेरणाकाठची | १ जून, सकाळी ८.१०

काल संध्याकाळी टाकलं. शुक्रवारी समारंभात शाल, श्रीफळ, तीन भाषणं झाली, तिन्हीत "निष्कलंक" होतं. कारकूनकाका, तुम्ही आठवलात.

अण्णांनी मजकूर चष्मा लावून दोनदा वाचला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत. शेंगांवर चकार शब्द नाही. म्हणाले, "रुजू दिनांक नुसता १९९१ लिहिलास. १७ जून, म.पू. असं पाहिजे."

मग उठून अंगणात गेले आणि दोरीवरचं फडकं वाळलंय का ते बघून आले.

रात्री अकराला शेंगावाल्या काकूंच्या सुनेने खाली लिहिलं: "सासूबाई म्हणतात, पिशवी हलकी लागली होती तेव्हाच."

---

बॅनरवाला बंड्या | १ जून, सकाळी ८.३०

अभिनंदन ताई. पोळ्याला वाढदिवस करणार म्हणता, तर बॅनर आताच सांगून ठेवा. पोळ्याच्या आठवड्यात मशीन मोकळं नसतं.